पत्रात ‘मिस्टर डाँग’ येतंय? जपानी, कोरियन, चिनी सहकाऱ्यांची आडनावं चुकतात तेव्हा काय तपासायचं

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात परदेशी पत्रव्यवहार सांभाळताना एकच दोष मी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आले आहे. जपान, कोरिया किंवा चीनमधल्या माणसाला गेलेली मेल चुकीच्या नावाने सुरू होते. कोणीतरी ती मेल सुधारून परत पाठवतं आणि महिन्याभराने तीच चूक दुसऱ्या पत्रात उगवते. असं होतं, कारण आपण पत्राचा मायना सुधारतो आणि चूक ज्या यादीतून आली ती यादी तशीच राहते.

खाली उदाहरणांसाठी वापरलेली नावं खऱ्या सहकाऱ्यांची नाहीत. जपानमध्ये नमुना अर्जावर ‘यामादा तारो’ लिहिलेलं असतं, कोरियात ‘हाँग गिल-डाँग’, चीनमध्ये ‘झांग सान’ आणि हाँगकाँगमध्ये ‘चान ताय मान’. त्या त्या देशात ही नावं सगळ्यांना ओळखीची आहेत. यामादा, हाँग, झांग आणि चान ही त्यांतली आडनावं.

लक्षणं

सगळ्यात ठळक लक्षण म्हणजे एकाच माणसाला आपल्या ऑफिसातून दोन नावांनी पत्रं जातात. खरेदी विभाग `Dear Mr. Hong` लिहितो आणि गुणवत्ता विभाग `Dear Mr. Dong`. दुसरं लक्षण सहज नजरेआड होतं. समोरचा माणूस चूक बोलून दाखवत नाही, पण पुढच्या मेलपासून त्याच्या सहीत आडनाव ठळक मोठ्या अक्षरांत येऊ लागतं, `HONG Gil-dong` असं. ही दुरुस्तीच असते. ती वाचता आली पाहिजे.

तिसरं, संपर्कयादीत एकाच मेल पत्त्याच्या दोन नोंदी असतात, एक `Taro Yamada` आणि एक `Yamada Taro`. चौथं पाहुणे आल्यावर कळतं: हॉटेलच्या काउंटरवर आरक्षण सापडत नाही, कारण ते ‘तारो’ या आडनावाखाली नोंदलेलं असतं. आणि शेवटचं, सगळ्यात महागात पडणारं लक्षण म्हणजे निमंत्रणपत्रावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही आणि व्हिसाचा अर्ज अडकतो.

दोष मुळात कशामुळे होतो

चीन, कोरिया आणि जपान या तिन्ही ठिकाणी आडनाव आधी आणि नाव नंतर. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘आडनाव, नाव, वडिलांचं नाव’ असा क्रम असतोच, त्यामुळे मराठी माणसाला हे मुळीच अवघड नाही. घोळ होतो तो इंग्रजीत लिहिताना, कारण तिथे हे तीन देश तीन तऱ्हांनी वागतात.

चिनी आणि कोरियन नेत्यांची नावं इंग्रजी वर्तमानपत्रं मूळ क्रमानेच छापतात. शी जिनपिंग यांचं आडनाव शी, मून जे-इन यांचं मून. जपानी नावं मात्र एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या मेइजी काळापासून पाश्चात्त्य भाषांत उलटी लिहिली जात होती, म्हणून आबे शिंझो जगाला ‘शिंझो आबे’ म्हणून माहीत झाले. २०१९ साली तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कोनो तारो यांनी हा मुद्दा उघडपणे मांडला: शी आणि मून यांची नावं मूळ क्रमाने लिहिता, तर जपानी नावंही तशीच लिहा. १ जानेवारी २०२० पासून जपानच्या सरकारी कागदपत्रांत रोमन लिपीतही आडनाव आधी येऊ लागलं. खाजगी कंपन्यांवर मात्र सक्ती नव्हती. त्यामुळे आज मंत्रालयातून आलेल्या पत्रात `YAMADA Taro` दिसतं, तर कारखान्यातून आलेल्या व्हिजिटिंग कार्डावर बहुतेक वेळा `Taro Yamada`.

म्हणून ‘पहिला शब्द आडनाव’ हा नियम पाठ करून उपयोग नाही. समोर दिसणारं नाव आधीच उलटवलेलं आहे की नाही, हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. चांगल्या हेतूने केलेली दुसऱ्यांदा उलटापालट मी पहिल्या चुकीइतकीच पाहिली आहे.

तपासणी १: सही नीट वाचा

याला काहीच खर्च नाही आणि निम्म्याहून अधिक प्रकरणं इथेच मिटतात. सहीत एकच शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत असेल, तर तो आडनाव, मग तो कुठेही असो. `YAMADA Taro` आणि `Taro YAMADA` यांत फरक नाही. स्वल्पविराम असेल तर त्याच्या आधीचा भाग आडनाव. जोडरेघ असेल तर रेघेने जोडलेली जोडी बहुतेक वेळा नावाची असते. कोरिया, तैवान आणि हाँगकाँगमध्ये ही पद्धत रूढ आहे. तैवानच्या माजी राष्ट्राध्यक्ष त्साय इंग-वेन यांचं आडनाव त्साय, ‘इंग-वेन’ हे नाव.

सहीखाली मूळ लिपीतलं नाव असेल तर ते सगळ्यात भरवशाचं. रोमन लिपीतलं नाव कोणी उलटवेल, मूळ लिपीतलं कोणी उलटवत नाही.

```
Taro Yamada
山田 太郎
```

दुसऱ्या ओळीत पहिला भाग आडनावच. तुम्हाला ती अक्षरं वाचता येत नसतील, तर पुण्यात जपानी शिकलेली माणसं शोधायला फार लांब जावं लागत नाही. एका ओळीचं काम आहे, विचारून टाका. सगळं नावच मोठ्या अक्षरांत असेल आणि मूळ लिपीही नसेल, तर सहीतून काही ठरत नाही. तेव्हा पुढे चला.

तपासणी २: मेल पत्ता आणि जुना पत्रव्यवहार

पत्त्यात एक अक्षर आणि मग पूर्ण शब्द असेल, उदाहरणार्थ `t.yamada@`, तर पूर्ण शब्द आडनाव असतो. `yamada.taro@` मधून मात्र काही सिद्ध होत नाही, कारण दोन्ही क्रमांचे पत्ते प्रचलित आहेत.

त्याहून चांगला पुरावा खाली जोडलेल्या जुन्या मेलमध्ये असतो. त्यांचे स्वतःचे सहकारी त्यांना काय म्हणतात ते पाहा. कामाच्या जपानी पत्रव्यवहारात ‘सान’ हे आदरार्थी संबोधन जवळजवळ नेहमी आडनावाला लागतं. त्यांच्याच ऑफिसातल्या कोणी `Yamada-san` लिहिलं असेल तर शोध संपला. आपल्या ऑफिसातल्या कोणी `Taro-san` लिहिलं असेल तर तो पुरावा धरू नका, कदाचित चूक तिथेच सुरू झालेली असेल.

तपासणी ३: उच्चारांची मोजणी (फक्त कोरियन आणि चिनी नावांसाठी)

कोरियन आडनाव जवळजवळ नेहमी एका उच्चाराचं, म्हणजे एका दमात बोलल्या जाणाऱ्या एकाच तुकड्याचं असतं आणि नाव बहुधा दोन उच्चारांचं. चिनी नावांतही तसंच, फक्त तिथे एका उच्चाराची नावंही भरपूर आहेत. म्हणजे तीन उच्चारांचं नाव असेल तर एकटा पडलेला उच्चार आडनाव, तो पुढे असो वा मागे. `Gil-dong Hong` असो की `Hong Gildong`, आडनाव हाँगच.

संयुक्त राष्ट्रांचे २००७ ते २०१६ या काळातले सरचिटणीस बान की-मून यांना कित्येक जण ‘मिस्टर मून’ म्हणत. ते मिस्टर बान. त्यात मून हेही कोरियन आडनाव असल्यामुळे कानाला काही खटकत नाही, आणि अशी चूक वर्षानुवर्षं टिकते.

कोरियात पाचातला साधारण एक माणूस किम आडनावाचा. किम, ली आणि पार्क ही तीन मिळून लोकसंख्येच्या निम्म्याच्या जवळ जातात. म्हणून नावात यांपैकी एक शब्द दिसला की प्रश्न बहुतेक सुटतो. अपवाद आहेत: कोरियन नामगुंग आणि ह्वांगबो, चिनी ओयांग आणि सिमा ही दोन उच्चारांची आडनावं.

ही मोजणी दोन ठिकाणी थांबवा. एक, दोनच उच्चारांचं चिनी नाव. `Lin Fang` मधले दोन्ही शब्द आडनाव असू शकतात आणि दोन्ही नावही, तिथे अंदाज बांधूच नका. दोन, जपानी नावं. जपानी आडनाव आणि नाव दोन्ही लांब असतात, मोजून काही हाती लागत नाही.

हाँगकाँगचं नाव वेगळाच सापळा लावतं. तिथे पुष्कळ जण इंग्रजी नावही वापरतात आणि ते अगदी पुढे येतं: `Peter Chan Tai Man`. आडनाव पहिलंही नाही आणि शेवटचंही नाही, ते मधलं ‘चान’. पत्रात `Dear Mr. Chan`, ओळख झाल्यावर `Dear Peter`. ‘मिस्टर मान’ कधीच नाही.

तपासणी ४: संपर्काची नोंद उघडा

ही पायरी लोक गाळतात, आणि दोष परत येतो तो इथूनच. एक प्रकरण पायरीपायरीने सांगते.

लेखापरीक्षणासाठी येणाऱ्या कोरियन पाहुण्यांची यादी एका रकान्यात आली होती. त्यात समजा `Hong Gil Dong` असं नाव होतं, जोडरेघेशिवाय. आपल्याकडच्या कोणी एक्सेलमध्ये जागा सोडलेल्या ठिकाणी नाव तोडलं. तीन तुकडे झाले आणि ते डावीकडून उजवीकडे नाव, मधलं नाव, आडनाव अशा रकान्यांत बसले. ती यादी मेलच्या संपर्कांत घेतल्यावर आतली नोंद अशी झाली:

```
FN:Hong Gil Dong
N:Dong;Hong;Gil;;
```

`FN` म्हणजे पडद्यावर दिसणारं नाव. ते बरोबर दिसतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण `N` या ओळीत पहिली जागा आडनावाची, दुसरी नावाची आणि तिसरी मधल्या नावाची असते. तिथे आडनाव ‘डाँग’ होऊन बसलं. सामूहिक पत्र आडनावाचा रकाना उचलतं आणि `Dear Mr. Dong` तयार होतं. निमंत्रणपत्र नाव आणि आडनाव एवढेच दोन रकाने उचलतं, मधलं ‘गिल’ गळून पडतं आणि कागदावर ‘हाँग डाँग’ उरतं. एकाच नोंदीतून दोन वेगवेगळ्या चुका निघाल्या आणि दोन विभाग त्या वेगवेगळ्या समजून दुरुस्त करत बसले.

बरोबर नोंद अशी:

```
FN:Hong Gil Dong
N:Hong;Gil Dong;;;
```

कोरियन आणि चिनी नावांत मधलं नाव हा प्रकारच नाही. ‘गिल डाँग’ मिळून एक नाव आहे, त्याचे तुकडे करायचे नाहीत. जपानी पाहुण्याच्या नोंदीतही `FN` मध्ये त्याने स्वतः लिहिलेलाच क्रम ठेवा, तो `Taro Yamada` असेल तर तसाच. आडनाव कोणतं हे सांगायला `N` ची ओळ आहे, त्यासाठी पडद्यावरचं नाव बदलायची गरज नाही.

यादीत मी आणखी एक रकाना ठेवते, ‘संबोधन’. त्यात `Mr. Hong`, `Yamada-san`, `Peter` असं एकदा ठरवून लिहिते आणि सामूहिक पत्र तोच रकाना उचलतं. त्यानंतर हा दोष आमच्याकडे फक्त नवीन नोंदींत दिसतो.

नवीन नोंदींसाठी अर्जाची भाषा बदला. अर्जावर `First Name` विचारलं तर ज्याचं आडनाव पहिलं येतं असा माणूस तिथे आडनाव लिहील, आणि त्याच्या बाजूने ते योग्यच आहे. `Family name` आणि `Given name` असेच रकाने ठेवा.

तपासणी ५: सरळ विचारा

लोक हे टाळतात, कारण विचारणं असभ्य वाटेल अशी भीती असते. तसं काही नाही. मात्र प्रश्न कागदाशी जोडून विचारावा, म्हणजे उत्तर देणं सोपं जातं:

```
Could you please confirm your family name and given name
as they should appear on the invitation letter?
```

इथेही `first name` आणि `last name` हे शब्द नकोत. ‘फर्स्ट नेम’ म्हणजे नेमकं काय, हे उत्तर देणाऱ्यावर सोडलं की उत्तर आलं तरी शंका तशीच राहते.

उत्तर येईपर्यंत पत्र थांबवता येत नसेल, तर त्यांनी लिहिलंय तसं पूर्ण नाव वापरा: `Dear Lin Fang`. किंचित औपचारिक वाटेल, चुकीचं ठरणार नाही. पुरुष की स्त्री हे माहीत नसेल तेव्हाही हाच उपाय. जपानी व्यक्ती असेल आणि आडनाव नक्की असेल तर ‘सान’ लावा, ते दोघांनाही चालतं.

तपासणी ६: पासपोर्टची यंत्रवाच्य ओळ

व्हिसा, तिकीट, कारखान्याचा प्रवेशपास यांसाठी वरचे सगळे पुरावे अपुरे आहेत. तिथे पासपोर्टच्या पानाची प्रत मागवा आणि खालच्या दोन ओळींपैकी पहिली पाहा:

```
P<JPNYAMADA<<TARO<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव, मग `<<` अशी जोडखूण आणि मग नाव. हा क्रम सगळ्या देशांच्या पासपोर्टवर सारखाच असतो, म्हणून वाद संपतो. एकटी `<` खूण म्हणजे त्याच नावातली मोकळी जागा किंवा जोडरेघ. `HONG<<GIL<DONG` मध्ये आडनाव हाँग आणि ‘गिल डाँग’ एकच नाव.

ही प्रत नाजूक कागद आहे. काम झालं की सामायिक फोल्डरमधून काढून टाका.

पासपोर्टवरचं आडनाव आणि कामावरचं आडनाव वेगळं असलं तर दचकू नका. जपानच्या कायद्यानुसार लग्नानंतर पतिपत्नीला एकच आडनाव घ्यावं लागतं आणि बहुतेक वेळा ते बायकोचं बदलतं. कामात मात्र अनेकजणी आधीचंच आडनाव चालू ठेवतात. अशा वेळी निमंत्रणपत्रावर पासपोर्टचं नाव आणि मेलमध्ये त्या वापरतात ते नाव. चीन आणि कोरियात लग्नानंतर आडनाव बदलत नाही, त्यामुळे नवऱ्याच्या आडनावावरून ‘मिसेस किम’ असं रचू नका.

आडनाव कळलं, आता हाक कशी मारायची

जपानी सहकाऱ्याला इंग्रजी मेलमध्ये `Dear Yamada-san` पुरेसं आहे. `Mr. Yamada-san` असं दोन्ही लावायचं नाही. स्वतःच्या नावाला ‘सान’ कधीच लावू नका, तो दुसऱ्याला द्यायचा मान आहे. वर्षानुवर्षांची ओळख असली तरी कामात आडनावच चालतं. त्यांनी आपणहून `Taro` अशी सही केली तरच नावावर या.

कोरियन सहकाऱ्याला इंग्रजीत `Mr. Hong` किंवा `Ms. Kim` चालतं, पण हुद्दा माहीत असेल तर `Director Hong` जास्त बरं, कारण त्यांच्या ऑफिसात आडनाव, हुद्दा आणि मागे आदराचं ‘निम’ अशीच हाक असते. कोणीतरी शिकवलेलं ‘शी’ हे कोरियन संबोधन उत्साहाने नुसत्या आडनावाला लावू नका. ‘किम-शी’ हे ऐकणाऱ्याला कमीपणा दाखवल्यासारखं वाटतं. एकाच मेलमध्ये तीन किम असतील तर तिघांचीही पूर्ण नावं लिहा.

चिनी सहकाऱ्याला `Mr. Zhang` किंवा `Manager Zhang`. सहीत इंग्रजी नाव असेल आणि तेच वापरून ते लिहीत असतील, तर तेच वापरा.

व्हिएतनाम या यादीत येत नाही, पण आमच्या पत्रव्यवहारात येतो, म्हणून सांगते. तिथेही आडनाव आधी, तरी हाक मारतात ती शेवटच्या शब्दाने. जनरल व्हो न्गुयेन जाप यांना सगळं जग ‘जनरल जाप’ म्हणतं. वरचे नियम तिथे लावलेत तर अर्धं ऑफिस ‘मिस्टर न्गुयेन’ होईल.

चुकीचं नाव आधीच गेलं असेल तर पुढच्या मेलमध्ये बरोबर नाव लिहा, एका वाक्यात दिलगिरी व्यक्त करा आणि कामाचं बोला. लांबलचक माफीने समोरच्याची पंचाईत होते, कारण त्याला तुमचीच समजूत घालावी लागते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मेल आणि संपर्कयादी यांपलीकडे स्वतः दुरुस्ती करू नका. तिकीट निघालं असेल आणि नाव-आडनाव उलटं असेल, तर एअरलाइन किंवा तिकीट काढणाऱ्या एजंटकडे जा. प्रत्येक कंपनीचे दुरुस्तीचे नियम वेगळे असतात आणि घाईने दुसरं तिकीट काढलं तर पैसे दोनदा जातात. व्हिसाचा अर्ज दाखल झाला असेल तर निमंत्रणपत्र परस्पर बदलून पाठवू नका. एकाच अर्जात दोन वेगळी पत्रं गेली तर शंका वाढते. आधी अर्जदाराला आणि त्याच्यामार्फत व्हिसा केंद्राला विचारा.

सही झालेला करार, पतपत्र किंवा बँकेतून पाठवायची रक्कम यांतलं नाव चुकलं असेल तर कंपनी सचिव, वकील किंवा बँकेचा परकीय चलन विभाग यांच्याकडेच ते काम द्या. तिथे पांढरी शाई लावून किंवा पीडीएफमध्ये खाडाखोड करून नाव ‘सरळ’ करणं म्हणजे कागद बाद करणं.

आणि शेकडो नोंदींची यादी उलटीपालटी झाली असेल तर ‘दोन्ही रकाने अदलाबदल करा’ अशी एक आज्ञा देऊन ती सुधारू नका. त्यात काही नावं आधीच बरोबर असतात, ती त्या फटक्यात बिघडतात आणि मग कोणती मूळची चूक आणि कोणती नवी हे कळत नाही. यादीची प्रत काढून ठेवा, संगणक विभागाला सांगा, आणि देशानुसार गट पाडून चिनी व कोरियन नावं तिसऱ्या तपासणीने वेगळी करा. जपानी आणि दोन उच्चारांची चिनी नावं एकेक करून हातानेच पाहावी लागतात.